मिठाच्या पाण्याचे उत्तर निम्मे का येते?

पाण्यात मीठ, साखर किंवा युरिया असा स्वतः वाफ होऊन न उडणारा पदार्थ विरघळवला की ते पाणी १००°C ला उकळत नाही, त्याहून थोडे वर उकळते. या वाढीला उत्कलनबिंदूची वाढ म्हणतात. कॉलिगेटिव्ह म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चार गुणधर्मांपैकी ती एक. बाष्पदाबातली घट, गोठणबिंदूतली घट आणि परासरण दाब हे उरलेले तीन. चौघांचे वैशिष्ट्य एकच: विरघळलेला पदार्थ कोणता, याच्याशी त्यांना फारसे देणेघेणे नसते. द्रावणात त्याचे सुटे कण किती आहेत, एवढेच ते पाहतात.

बारावीच्या रसायनशास्त्रात या वाढीचे सूत्र येते ते असे: ΔTb = Kb × m. यात ΔTb म्हणजे उत्कलनबिंदूतली वाढ आणि m म्हणजे मोलॅलिटी, म्हणजे एक किलो द्रावकात विरघळलेल्या पदार्थाचे मोल. Kb हा त्या द्रावकाचा स्थिरांक. पाण्यासाठी तो ०.५१२ आहे, पुस्तकांत पुष्कळदा ०.५२ असा छापतात. तो फक्त पाण्याच्या स्वभावावर ठरतो. पाण्याचा उत्कलनबिंदू, त्याचे रेणुवस्तुमान आणि त्याची वाफ करायला लागणारी उष्णता, या तीन गोष्टींवरून तो काढता येतो. विरघळलेल्या पदार्थाचा त्यात काहीच भाग नाही.

सूत्र बरोबर आहे, पण ते एका अटीवर उभे आहे. विरघळलेल्या पदार्थाचा प्रत्येक रेणू पाण्यात अख्खा राहिला पाहिजे. साखर राहते, ग्लुकोज राहते, युरिया राहतो. मीठ राहत नाही. NaCl पाण्यात पडले की सोडियमचे धन आयन आणि क्लोरिनचे ऋण आयन वेगळे होतात. यालाच विचरण म्हणतात. एक मोल मिठातून जवळजवळ दोन मोल कण सुटतात आणि उत्कलनबिंदू त्या दोन मोलांना उत्तर देतो. एसटीचा कंडक्टर कुटुंबे मोजत नाही, डोकी मोजतो, तसेच हे. म्हणून सूत्रात आणखी एक गुणक घालावा लागतो आणि ते ΔTb = i × Kb × m असे होते. i ला व्हांट हॉफ गुणांक म्हणतात. विरघळवलेल्या प्रत्येक एककामागे प्रत्यक्षात किती कण असल्यासारखे द्रावण वागते, हे तो सांगतो.

विद्यार्थ्यांच्या उत्तरांत सर्वाधिक गळणारा गुणक हाच. त्यामागे शिकवण्याचा क्रमही आहे. धड्यात आधी विचरण न होणाऱ्या पदार्थांसाठी सूत्र येते, त्यावरची उदाहरणे सोडवून हात बसतो आणि i ची ओळख धड्याच्या शेवटाकडे होते. तोवर आधीचे सूत्र पाठ झालेले असते. मिठाचे गणित समोर आले की हात आपोआप जुन्याच सूत्राकडे जातो. उत्तर तपासणाऱ्याला, मग तो शिक्षक असो, पालक असो किंवा स्वतः विद्यार्थी, ही गळती ओळखणे अवघड नाही, कारण ती आपल्या खुणा ठेवून जाते.

एक उदाहरण शेवटपर्यंत पाहू. ५०० ग्रॅम पाण्यात २९.२५ ग्रॅम मीठ विरघळवले, तर द्रावण किती अंशांवर उकळेल? मिठाचे सूत्र वस्तुमान ५८.५, म्हणजे २९.२५ ग्रॅम मीठ हे अर्धा मोल. पाणी अर्धा किलो. त्यामुळे मोलॅलिटी बरोबर १ येते. इथपर्यंत सगळ्यांचे जमते. मग जुने सूत्र वापरले तर वाढ ०.५१२ येते आणि उत्तर १००.५१°C. विचरण धरून i = २ घेतले तर वाढ १.०२४ आणि उत्तर १०१.०२°C. परीक्षेत दुसरे उत्तर अपेक्षित असते.

दोन्ही उत्तरे शेजारी ठेवली तर फरक अर्ध्या अंशाचा दिसतो आणि पुष्कळांना तो किरकोळ वाटतो. ही मोठी दिशाभूल आहे. उत्तर म्हणून १००.५१ आणि १०१.०२ पाहिले तर चूक अर्ध्या टक्क्याची भासते, कारण शंभराचा भला मोठा आकडा दोन्हीकडे बसलेला असतो. पण गणित शंभराचे नव्हतेच, ते वाढीचे होते. वाढीत चूक पन्नास टक्क्यांची आहे. म्हणून तपासताना पहिले काम म्हणजे उत्तरातून शुद्ध द्रावकाचा उत्कलनबिंदू वजा करणे आणि फक्त वाढ समोर ठेवणे.

मग अपेक्षित वाढीला लिहिलेल्या वाढीने भागावे. भागाकार पूर्णांक आला तर संशय पक्का होतो. मिठाच्या गणितात २ आला, कॅल्शियम क्लोराइडच्या गणितात ३ आला, तर मोलॅलिटी, एकके, आकडेमोड सगळे बरोबर आहे आणि फक्त i राहिला आहे. आकडेमोडीची चूक अशी नीटनेटकी सहसा येत नाही. ग्रॅमचे किलो करायला विसरले तर भागाकार हजाराच्या घरात जातो. पाण्याऐवजी द्रावणाचे वजन घेतले तर तो एकाच्या आसपास घुटमळतो; वरच्या उदाहरणात ५०० ऐवजी ५२९.२५ घेतले तर १.०६. भागाकार अर्धा आला तर उलटे घडलेले असते. विद्यार्थ्याने मोल काढतानाच आयन मोजून घेतले आणि नंतर सूत्रात पुन्हा i ने गुणले. मिठाच्या बाबतीत अशाने वाढ २.०४८ येते. विचरण धरायचे, पण एकदाच.

आकडे नसलेल्या प्रश्नांतही ही चूक पकडता येते. ०.१ मोलॅलिटीची युरिया, मीठ आणि सोडियम सल्फेट यांची द्रावणे दिली आणि सर्वांत जास्त उत्कलनबिंदू कोणाचा असे विचारले, तर विचरण विसरणाऱ्याला तिन्ही सारखीच दिसतात. तो मग रेणुवस्तुमान किंवा नावाच्या लांबीवरून निवड करतो. प्रश्न बनवणाऱ्याने मोलॅलिटी मुद्दाम सारखी ठेवली असेल, तर फरक कणांच्या संख्येत शोधायचा असतो. युरियाचा एक कण, मिठाचे दोन, सोडियम सल्फेटचे तीन. याहून चलाख प्रश्नात ०.१५ मोलॅलिटीचे ग्लुकोज आणि ०.१ मोलॅलिटीचे मीठ समोरासमोर ठेवतात. विचरण विसरले तर ग्लुकोज वर दिसते. धरले तर ०.१५ च्या समोर ०.२ येते आणि क्रम उलटतो.

सर्वांत खात्रीची तपासणी मात्र उलट्या दिशेची आहे आणि ती शाळेत फारशी केली जात नाही. उत्कलनबिंदूची वाढ मोजून अज्ञात पदार्थाचे रेणुवस्तुमान काढणे हा या सूत्राचा मूळ उपयोग. त्याच वाटेने मिठाचे वस्तुमान काढून पाहावे. १ मोलॅलिटीच्या मिठाच्या पाण्यात प्रत्यक्ष वाढ सुमारे ०.९५ अंश असते. ती i शिवायच्या सूत्रात घालून वस्तुमान सोडवले, म्हणजे ०.५१२ ला २९.२५ आणि १००० ने गुणून ०.९५ आणि ५०० ने भागले, तर उत्तर सुमारे ३१.५ येते. हा आकडा पाहताच हसू यावे. एका क्लोरिन अणूचेच वस्तुमान ३५.५ आहे. क्लोरिन ज्याच्या पोटात आहे तो पदार्थ एकट्या क्लोरिनपेक्षा हलका कसा असेल? सूत्र खोटे बोलत नाही. ते रेणूचे नव्हे, द्रावणातल्या सरासरी कणाचे वस्तुमान सांगत असते. सोडियमचे २३ आणि क्लोरिनचे ३५.५, यांची सरासरी २९.२५. आलेला आकडा तिच्या जवळच आहे. पाठ्यपुस्तकात याला असामान्य रेणुवस्तुमान म्हणतात, पण त्यात असामान्य काही नाही, मोजणारा भलतीच गोष्ट मोजत असतो एवढेच.

हे कोडे १८८० च्या दशकात खरोखरच रसायनशास्त्रज्ञांपुढे होते. फ्रान्समधल्या ग्रनोबल इथे फ्रांस्वा-मारी राऊल्ट द्रावणांचे गोठणबिंदू आणि बाष्पदाब मोजत होते. साखरेसारखे पदार्थ नियमात बसत, क्षार मात्र जवळजवळ दुप्पट किंवा त्याहून जास्त परिणाम दाखवत. याकोबस व्हांट हॉफ यांनी द्रावणांचा सिद्धांत मांडताना हा फरक i या अक्षरात टाकला. कारण त्यांना सांगता आले नव्हते. आकडा जुळवणारा गुणक म्हणून तो आला. कारण दिले स्वान्ते आऱ्हेनिअस यांनी. क्षार पाण्यात पडताच वीजभारित कणांत विभागतो, ही त्यांची कल्पना. उप्साला विद्यापीठात १८८४ मध्ये सादर केलेल्या त्यांच्या प्रबंधाला जेमतेम पास होण्याइतकी श्रेणी मिळाली होती. १८८७ मध्ये त्यांनी गोठणबिंदूवरून काढलेला i आणि द्रावणाच्या वीजवहनावरून काढलेला i एकमेकांशी ताडून पाहिले. दोन अगदी वेगळ्या मोजण्यांतून जवळपास तेच आकडे निघाले आणि विचरणाची कल्पना पाय रोवून उभी राहिली. व्हांट हॉफ यांना १९०१ चे, म्हणजे रसायनशास्त्रातले पहिलेच नोबेल मिळाले. आऱ्हेनिअस यांना १९०३ चे.

तेव्हा i विसरलेले उत्तर दुरुस्त करायचे म्हणजे कणांची संख्या नीट मोजायची. इथे नवी गडबड सुरू होते. सोडियम सल्फेटचे सूत्र Na₂SO₄. त्यात अणू सात आहेत, म्हणून i सात नव्हे. सल्फेट हा एकत्र राहणारा आयन आहे, तो पाण्यात फुटत नाही. दोन सोडियम आणि एक सल्फेट, मिळून तीन. पोटॅशियम फेरोसायनाइडचे K₄[Fe(CN)₆] हे सूत्र आणखी घाबरवते, पण चौकटी कंसातला सगळा गट एकसंध असतो. चार पोटॅशियम आणि तो गट, म्हणजे पाच. कंसाच्या आत शिरून मोजणी करणे ही इथली नेहमीची चूक.

दुसरी गडबड उलट बाजूची. i ची एकदा धास्ती बसली की विद्यार्थी दिसेल त्याला i लावतो. युरियात नायट्रोजन आणि हायड्रोजन आहेत, म्हणून तो फुटत असेल असे त्याला वाटते. मर्क्युरिक क्लोराइड HgCl₂ हे कॅल्शियम क्लोराइडसारखे दिसते, म्हणून i = ३ लावला जातो; प्रत्यक्षात ते पाण्यात बहुतांश अख्खेच राहते आणि त्याचा i जवळजवळ १ असतो. पदार्थाचे सूत्र पाहून काम भागत नाही, त्याचा स्वभाव माहीत असावा लागतो.

स्वभावाचे चांगले उदाहरण स्वयंपाकघरातले लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक आम्ल. त्याच्या एका रेणूत सुटू शकणारे तीन हायड्रोजन असतात. सगळे सुटले तर तीन हायड्रोजन आयन आणि एक सायट्रेट आयन, म्हणजे चार कण. ०.१ मोलॅलिटीच्या द्रावणासाठी i = ४ धरले तर वाढ ०.२०५ अंश येते. पण सायट्रिक आम्ल सौम्य आहे. या तीव्रतेला शंभरांतल्या जेमतेम आठ रेणूंचा पहिला हायड्रोजन सुटतो. दुसऱ्या-तिसऱ्याचा वाटा नगण्य. त्यामुळे i सुमारे १.०८ आणि खरी वाढ ०.०५५ अंशाच्या आसपास. इथे विचरण साफ विसरलेल्या मुलाचे उत्तर ०.०५१ येईल आणि ते पूर्ण विचरण धरणाऱ्या हुशार मुलाच्या उत्तरापेक्षा सत्याच्या कितीतरी जवळ असेल. तपासणाऱ्याने गुण कोणाला द्यावेत हा वेगळा प्रश्न.

अशा अर्धवट विचरणासाठी i = १ + (n − १)α हे सूत्र आहे. n म्हणजे एक रेणू पूर्ण फुटला तर होणारे कण आणि α म्हणजे फुटलेल्या रेणूंचा अंश. α शून्य असेल तर i एक येतो, α एक असेल तर i बरोबर n होतो. म्हणून आलेला i नेहमी १ आणि n यांच्या मध्येच असायला हवा. मिठाच्या गणितात कोणी i = २.६ काढून दाखवला किंवा ०.८ काढला, तर कागद पुढे वाचायच्या आधीच काहीतरी चुकले आहे हे कळते. याला एक अपवाद आहे. तो पुढे येईल.

१ च्या खालचा i मात्र काही पदार्थांत खराच असतो. बेन्झिनमध्ये विरघळलेल्या बेन्झॉइक आम्लाचे रेणू फुटण्याऐवजी जोडीजोडीने एकत्र येतात. त्यामुळे कण निम्म्याकडे घटतात आणि i अर्ध्याकडे झुकतो. प्रश्नात पाण्याऐवजी बेन्झिन दिसले की हे मनात ठेवावे, कारण तेच बेन्झॉइक आम्ल पाण्यात असे वागत नाही.

वर मिठाची प्रत्यक्ष वाढ ०.९५ म्हटली, १.०२ नव्हे. पाठ्यपुस्तकी उत्तर आणि प्रयोगातले उत्तर यांतला हा फरक समजून घेण्यासारखा आहे. ०.९५ ला ०.५१२ ने भागले तर i = १.८६ येतो. आऱ्हेनिअस यांच्या पद्धतीने याचा अर्थ लावला तर १०० पैकी ८६ मीठ फुटले आणि १४ अख्खे राहिले. अनेक गणितांत अजूनही असा अर्थ लावून α विचारला जातो. पण मिठासारख्या प्रबळ क्षारांसाठी हा अर्थ आता कोणी धरत नाही. मीठ घनरूपातही आयनांचेच बनलेले असते. पाण्यात ते व्यवहारतः पूर्ण सुटते. मात्र सुटलेले आयन एकमेकांपासून मोकळे नसतात. धन आयनाभोवती ऋण आयनांची थोडी जास्त गर्दी राहते, ऋण आयनाभोवती धन आयनांची, आणि या ओढाताणीमुळे द्रावण दोन कणांपेक्षा किंचित कमी कण असल्यासारखे वागते. पीटर डेबाय आणि एरिख ह्युकेल यांनी १९२३ मध्ये हे गणिताने दाखवले. आयनांवरचा भार वाढला की ओढ वाढते. २५°C च्या आसपास ०.१ मोलॅलिटीच्या मिठाचा i सुमारे १.८६ असतो, तर तितक्याच तीव्र मॅग्नेशियम सल्फेटचा, जिथे दोन्ही आयनांवर दुप्पट भार आहे, सुमारे १.२ च असतो. मॅग्नेशियम सल्फेटला डोळे झाकून i = २ लावणे म्हणजे उत्तर दीडपटीहून जास्त फुगवणे.

परीक्षेतल्या उत्तराला हा बारकावा लागत नाही. प्रश्नात विचरणाचे प्रमाण दिले नसेल तर प्रबळ क्षार पूर्ण फुटतो असे धरायचे, हा संकेत आहे. पण प्रयोगशाळेत मोजलेल्या आकड्याशी उत्तर ताडायचे असेल तर पूर्णांकाचा हट्ट सोडावा लागतो. मिठाच्या बाबतीत मोजलेला i १.८ ते २ च्या दरम्यान आला तर विचरण धरलेले आहे आणि मोजणी चांगली आहे. १ च्या जवळ आला तर चूक सूत्रात नव्हे, प्रयोगात शोधावी.

प्रयोगात चुकायला जागा भरपूर. साध्या प्रयोगशाळेच्या थर्मामीटरवर एकेका अंशाच्या खुणा असतात. अर्ध्या-एक अंशाची वाढ त्यावर धड वाचताच येत नाही. यासाठीच एर्न्स्ट बेकमान यांनी जर्मनीत १८८० च्या दशकाच्या अखेरीस खास थर्मामीटर बनवला. त्यावर थोड्याच अंशांची पट्टी असते, पण प्रत्येक अंशाचे शंभर भाग असतात. दुसरी अडचण हवेच्या दाबाची. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच आहे आणि तिथे शुद्ध पाणीच सुमारे ९८°C ला उकळते. तिथल्या मिठाच्या पाण्याचा उत्कलनबिंदू ९९ वाचून कोणी त्यातून १०० वजा केले, तर वाढ उणे येईल. एकाच ठिकाणीही दाब दिवसागणिक बदलतो आणि एका हेक्टोपास्कलला उत्कलनबिंदू सुमारे ०.०३ अंशाने सरकतो. म्हणून शुद्ध पाणी आणि द्रावण एकाच दिवशी, एकामागोमाग उकळून मोजायचे असते.

सर्वांत फसवी चूक थर्मामीटर कुठे ठेवला याची. द्रावणावरच्या वाफेत ठेवलेला थर्मामीटर जवळजवळ शुद्ध पाण्याचाच उत्कलनबिंदू दाखवतो, कारण वाफ त्याच्या फुग्यावर थंड होऊन पाणी बनते आणि त्या पाण्यात मीठ नसते. वाढ शून्याच्या आसपास दिसली की विद्यार्थी विचरणाला दोष देतो, दोष जागेचा असतो. थर्मामीटर द्रवात बुडवला तर दुसरी पंचाईत: तळाशी द्रव उत्कलनबिंदूपेक्षा किंचित जास्त तापलेला असतो आणि वाढ फुगून येते. फ्रेडरिक कॉट्रेल यांनी १९१९ मध्ये यावर साधी तोड काढली. उकळणाऱ्या द्रावणाचेच बुडबुडे त्या द्रावणाला एका नळीतून वर ढकलतात आणि ते सतत थर्मामीटरच्या फुग्यावर सांडते. शिवाय उकळताना पाणी उडत असते आणि मीठ मागे राहते, त्यामुळे द्रावण हळूहळू तीव्र होत जाते. मोजणी लांबली तर वाढ आपोआप वाढत जाते आणि i दोनच्या पुढे गेल्याचा भास होतो.

पण i खरोखरच दोनच्या पुढे जाऊ शकतो, आणि तोच मघाशी राखून ठेवलेला अपवाद. पाण्यात आणखी विरघळणार नाही इतके मीठ घातले, तर समुद्रसपाटीच्या दाबाला ते द्रावण सुमारे १०८.७°C ला उकळते. उकळत्या तापमानाला १०० ग्रॅम पाण्यात साधारण ३९ ग्रॅमहून थोडे जास्त मीठ मावते, म्हणजे मोलॅलिटी ६.७ च्या घरात. विचरण न धरता वाढ ३.४ येते, i = २ धरून ६.९, आणि प्रत्यक्षात ८.७. i काढला तर अडीचच्या आसपास. एका NaCl मधून अडीच कण निघणे अशक्यच. झालेले वेगळेच असते. इतक्या दाट द्रावणात प्रत्येक आयनाने आपल्याभोवती पाण्याचे काही रेणू धरून ठेवलेले असतात आणि मोकळे पाणी कमी उरते. शिवाय ΔTb = Kb × m हे सरळ प्रमाण मुळात पातळ द्रावणांसाठीच काढलेले आहे; वाढ इतकी मोठी झाली की त्यातली गृहीतके सैल पडतात. या ठिकाणी i ला कणांची संख्या म्हणण्यात अर्थ राहत नाही, तो पुन्हा व्हांट हॉफ यांच्या सुरुवातीच्या काळासारखा केवळ आकडा जुळवणारा गुणक होतो. म्हणून तपासताना मोलॅलिटीकडे एकदा पाहून घ्यावे. एक-दीडच्या आत असेल तर i = २ धरलेले मिठाचे उत्तर थोड्याच टक्क्यांनी चुकते. पाच-सहा असेल, तर i धरलेले आणि न धरलेले, दोन्ही उत्तरे मोजणीपेक्षा कमी पडतात, आणि अशा द्रावणाचा उत्कलनबिंदू सूत्राने न काढता मोजलेल्या तक्त्यातून घ्यावा.